उन्हाळा आला की मागच्या खोलीतलं वायफाय अडकतं: स्क्रीनशॉटवरून राऊटरची जागा कशी ठरवायची

तक्रार दर वर्षी एकच असते. मार्चपर्यंत सगळं बरं चालतं. एप्रिलमध्ये खिडक्यांना कूलर लागले की मागच्या खोलीतला ऑनलाइन क्लास थांबत थांबत चालायला लागतो, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो. लाइनमन येतो, राऊटर बंद करून चालू करतो, राऊटरशेजारी उभा राहून मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि निघून जातो. पावसाळ्यात कूलर निघाले की तक्रार आपोआप मिटते आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा उभी राहते.

नागपुरात त्रिमूर्ती नगर, मनीष नगर, बेसा या बाजूच्या लेआउटमधली बरीचशी घरं एकाच धाटणीची आहेत. समोर पोर्च आणि हॉल, मध्ये पॅसेज, एका हाताला किचन, दुसऱ्या हाताला बेडरूम, शेवटी मागची खोली आणि वर स्लॅबवर एखादी खोली. फायबरची तार गेटजवळच्या खांबावरून येते, म्हणून ती हॉलमध्ये शिरते आणि जिथे शिरते तिथेच, टीव्हीच्या मागे, राऊटर बसतो. तिथून मागच्या खोलीपर्यंत सिग्नल पोहोचतो, पण जेमतेम. हाताशी काही शिल्लक नसते. कूलरने त्यातला थोडासा खाल्ला की क्लास अडकतो. म्हणजे निमित्त कूलरचं असलं तरी मूळ दुखणं राऊटरच्या जागेचं आहे, आणि जागा अंदाजाने न ठरवता प्रत्येक खोलीत मोजून ठरवता येते. त्यासाठी एक मोबाईल, एक फुकटचं अ‍ॅप आणि नीट घेतलेले स्क्रीनशॉट पुरतात.

आधी एक गोष्ट तपासून टाका. राऊटरपासून चार-पाच फुटांवर उभं राहून स्पीड टेस्ट करा. तिथेही स्पीड पडलेला असेल, तर दोष लाइनमध्ये आहे, जागा बदलून काही होणार नाही. तक्रार कंपनीकडेच करायची. राऊटरजवळ स्पीड पूर्ण आणि मागच्या खोलीत पडलेला असेल, तरच पुढचं वाचा.

पट्ट्या पाहू नका, आकडा पाहा

ज्या घराचं उदाहरण मी पुढे देणार आहे, तिथल्या काकाजींचा पहिला प्रश्न हाच होता: "पट्ट्या तर तीन-तीन दाखवून रायला, मंग क्लास काऊन अडकून रायला बापा?" कोणत्या सिग्नलला किती पट्ट्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. एकाच टेबलावर ठेवलेले दोन कंपन्यांचे फोन वेगवेगळ्या पट्ट्या दाखवू शकतात. म्हणून पट्ट्यांचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही.

लागतो तो सिग्नलची ताकद सांगणारा `dBm` मधला आकडा. अँड्रॉइडवर WiFi Analyzer नावाचं अ‍ॅप घ्या. त्या नावाची बरीच आहेत, त्यातलं ओपन सोर्स असलेलं बरं, त्यात जाहिराती नाहीत. आयफोनवर AirPort Utility घ्या आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्याच्या नावाखाली Wi-Fi Scanner सुरू करा, मग अ‍ॅपमध्ये RSSI या नावाने हाच आकडा दिसतो. लॅपटॉपनेच मोजायचं असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
netsh wlan show interfaces
```

तिथे Signal समोर टक्के येतात. त्यांचा आकडा असा काढायचा: `dBm = (टक्के / 2) - 100`. म्हणजे ६० टक्के दिसले तर −७०. मात्र मोजणी फोनवर सुरू केली तर शेवटपर्यंत त्याच फोनवर करा. दोन फोनांच्या अँटेना सारख्या नसतात, त्यांच्या आकड्यांत पाच-सात डीबीएमचा फरक सहज पडतो आणि सगळी तुलना वाया जाते.

हा आकडा ऋण असतो, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. −४० म्हणजे राऊटरच्या शेजारी. −६० पर्यंत निवांत. व्हिडिओ कॉल आणि क्लाससाठी −६७ ही रेघ धरायची. वायफाय बसवणारे लोकही साधारण हाच आकडा धरून काम करतात. −७० च्या खाली अडखळायला लागतं आणि −८० ला नाव दिसतं पण काम होत नाही. आणखी एक लक्षात ठेवायचं: तीन डीबीएम उतरले की सिग्नलची ताकद निम्मी होते, दहा उतरले की दहावा हिस्सा उरतो. −६७ आणि −७७ दिसायला जवळचे वाटतात, पण त्यांत दहा पटींचा फरक आहे.

स्क्रीनशॉट असे घ्या की नंतर वाचता येतील

लोक मदत मागताना व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम दहा-बारा स्क्रीनशॉट टाकतात. सगळे सारखे दिसतात, कोणता कुठल्या खोलीतला ते पाठवणाऱ्यालाही आठवत नाही. स्क्रीनशॉटमध्ये खोलीचं नाव नसतं, ते तुम्हालाच टाकावं लागतं. स्क्रीनशॉट घेतल्याबरोबर फोनच्याच एडिटमध्ये बोटाने लिहा: "मागची खोली, अभ्यासाचं टेबल, कूलर खिडकीत". कूलर कुठे होता आणि दार उघडं होतं की बंद, हे दोन्ही लिहाच. दोन दिवसांनी तोच मजकूर कामी येतो.

दुसरी अडचण बँडची. बहुतेक राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने देतात आणि फोन आपल्या मर्जीने कधी यावर तर कधी त्यावर जातो. हॉलमधला स्क्रीनशॉट ५ चा आणि किचनमधला २.४ चा असेल तर तुलना करून निष्कर्ष चुकतो, कारण २.४ भिंतीतून जास्त निघतो आणि त्याचा आकडा मुळातच चांगला दिसतो. अ‍ॅपमध्ये नावाखाली फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते: `2412` ते `2472` च्या दरम्यान असेल तर २.४, `5180` ते `5885` च्या दरम्यान असेल तर ५. मोजणीपुरतं राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि ५ वरच मोजा. ५ ला भिंती जास्त जाचतात, त्यामुळे जागा तिच्या हिशेबाने बरोबर बसली की २.४ चा प्रश्न उरत नाही. मागच्या खोलीपुरतं २.४ वर राहून काम भागेल असंही काही जण म्हणतात. आकड्याने भागतं, पण अ‍ॅपचा चॅनेलचा आलेख उघडून पाहा: लेआउटमधल्या आजूबाजूच्या घरांचे राऊटर १, ६ आणि ११ या तीन चॅनेलवर एकमेकांच्या अंगावर बसलेले दिसतात. संध्याकाळी सगळे घरी आले की तिथे सिग्नल असूनही वाट मोकळी मिळत नाही.

तिसरी अडचण शिळ्या आकड्याची. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासची नेटवर्कं शोधू देतो. तुम्ही भराभर खोल्या फिरलात तर किचनमध्ये उभं असताना यादीत हॉलचाच आकडा दिसत असतो. एका जागी किमान अर्धा मिनिट थांबा, आकडा बदललेला दिसू द्या, मग स्क्रीनशॉट घ्या. फोनमध्ये डेव्हलपर पर्याय सुरू असतील तर तिथला Wi-Fi scan throttling बंद करून ठेवला की हा त्रास जातो.

आणि फोन कुठे धरता यालाही महत्त्व आहे. माणसाचं शरीर मुख्यतः पाण्याचं, ते सिग्नल अडवतं. राऊटरकडे पाठ करून उभं राहिलात तर आकडा चार-पाचने पडलेला दिसेल. म्हणून खोलीच्या दारात उभं न राहता, जिथे बसून काम होतं त्याच टेबलावर, त्याच उंचीला फोन ठेवा आणि बाजूला व्हा. प्रत्येक जागी तीन स्क्रीनशॉट घ्या आणि मधला आकडा धरा. एकाच जागी दोन-तीन डीबीएमची वर-खाली होतेच.

हे स्क्रीनशॉट मदतीसाठी एखाद्या मोठ्या ग्रुपवर टाकणार असाल तर BSSID, म्हणजे प्रत्येक राऊटरच्या वायफायचा ओळख क्रमांक, आधी झाकून टाका. त्या आकड्यावरून राऊटर कुठल्या ठिकाणी आहे हे शोधता येतं.

एका घराची मोजणी

आता ते उदाहरण. तीस बाय पन्नासचा प्लॉट, वर सांगितलं त्याच धाटणीचं घर. मुलगी बारावीला, तिचा नीटचा क्लास मागच्या खोलीत. हॉलमध्ये टीव्ही, आणि संध्याकाळी तिथेच आजोबांचा परदेशातल्या मुलाशी व्हिडिओ कॉल. वरच्या खोलीत भाऊ फक्त झोपायला जातो, मोबाईल पाहतो. कोणत्या खोलीत काय काम होतं हे आधी लिहून काढायचं, कारण निकाल त्यावरच लागतो.

राऊटर जुन्याच जागी, हॉलच्या कोपऱ्यात असताना मागच्या खोलीतल्या टेबलावर −७७ मिळाला. कूलर खिडकीत होता, सुरू होता. मग काकाजींनी कूलर बंद केला: आकडा तोच. म्हणजे मोटरचा काही संबंध नव्हता. मग आम्ही कूलर त्याच्या चाकांच्या स्टँडवरून खिडकीपासून पुरता बाजूला ओढला आणि पुन्हा अर्धा मिनिट थांबलो. −७०.

हे सात डीबीएम कुठून आले? हॉल आणि मागच्या खोलीच्या मध्ये सरळ रेषेत विटांच्या तीन भिंती आहेत आणि त्यातून येणारा सिग्नल फार थोडा. दुसरी वाट बाहेरून आहे. हॉलची बाजूची खिडकी आणि मागच्या खोलीची खिडकी दोन्ही घराच्या एकाच बाजूच्या मोकळ्या जागेत उघडतात. सिग्नल हॉलच्या खिडकीतून बाहेर पडून, शेजारच्या भिंतीवर आदळून, मागच्या खिडकीतून आत येत होता. हिवाळ्यात त्या वाटेवरच क्लास चालत होता. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, खाली पाण्याने भरलेली टाकी आणि तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या. ती खिडकीत उभी केली की वाट बंद. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषून घेतं. कूलर काढला तरी −७० च मिळतो, म्हणजे −६७ च्या रेघेच्या खालीच. हिवाळ्यातही हे काम नशिबावर चाललं होतं.

म्हणून यापुढचे सगळे आकडे कूलर खिडकीत ठेवून, टाकी भरून घेतले. मोजायचं ते वाईटात वाईट दिवसाचं. जानेवारीत मोजून राऊटर लावला तर एप्रिलमध्ये पुन्हा हेच होईल.

राऊटर न हलवता दुसरी जागा मोजणं

इथे बहुतेक लोक थांबतात, कारण राऊटरला फायबरची तार लागलेली असते. ती ओढता येत नाही, तोडता येत नाही. पण जागा तपासायला राऊटर हलवायची गरजच नाही. घरातला दुसरा फोन घ्या, त्याचं हॉटस्पॉट सुरू करा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ ठेवा. हाच नकली राऊटर. तो नवीन जागी ठेवा आणि पहिल्या फोनने खोल्या मोजत फिरा. त्यात इंटरनेट असण्या-नसण्याशी आपल्याला देणंघेणं नाही, फक्त सिग्नल मोजायचा आहे.

फोनचं हॉटस्पॉट राऊटरपेक्षा कमजोर असतं, तो फरक आधी काढून ठेवायचा. हॉटस्पॉटचा फोन खऱ्या राऊटरच्या अगदी शेजारी उभा करा आणि मधल्या एखाद्या खोलीत दोघांचे आकडे घ्या. या घरात किचनच्या ओट्यावर राऊटरचा −६३ आणि हॉटस्पॉटचा −७० आला. फरक सातचा. मग बेडरूममध्येही तपासला, तिथे सहा निघाला. सात धरला. यापुढे हॉटस्पॉटचा जो आकडा येईल त्यात सात मिळवायचे की तिथे खरा राऊटर ठेवला तर काय मिळेल याचा अंदाज येतो. हा अंदाज तीन-चार डीबीएमने इकडे-तिकडे होऊ शकतो, पण जागांची आपसातली तुलना चोख राहते, कारण सगळीकडे तोच फोन आहे.

दोन जागा तपासायच्या ठरल्या. एक पॅसेजची भिंत, साडेसहा फूट उंचीवर. दुसरी थेट मागची खोली, कारण काकूंचं म्हणणं सरळ होतं: "जिथं क्लास आहे तिथंच ठेवा नं." सात मिळवून झाल्यावरचे आकडे असे आले:

| खोली | हॉलचा कोपरा | पॅसेज | मागची खोली |
|---|---|---|---|
| हॉल | −४१ | −५८ | −७३ |
| किचन | −६३ | −५७ | −६० |
| बेडरूम | −६० | −५६ | −६३ |
| मागची खोली | −७७ | −६४ | −३८ |
| वरची खोली | −८२ | −७० | −६४ |

सरासरी काढली तर मागची खोली पहिली येते, −५९.६. पॅसेज −६१. आणि इथेच फसायला होतं. मागच्या खोलीला −३८ मिळाला म्हणून सरासरी वर गेली, पण −३८ चा तिथे काही उपयोग नाही. −५५ असता तरी क्लास तसाच चालला असता. त्या बदल्यात हॉल −७३ वर गेला, म्हणजे टीव्ही आणि आजोबांचा कॉल दोन्ही अडकणार. एका खोलीत जास्तीचा सिग्नल सांडायचा आणि दुसरीला कोरडं ठेवायचं, असा तो सौदा आहे.

सरासरी बाजूला ठेवा. प्रत्येक जागेच्या रकान्यात, ज्या खोल्यांत खरं काम आहे त्यांतला सगळ्यात पडका आकडा शोधा आणि ज्या जागेचा हा पडका आकडा सगळ्यात चांगला, ती जागा घ्या. वरच्या खोलीत काम नाही म्हणून ती सोडली, तर हॉलच्या कोपऱ्याचा पडका आकडा −७७, मागच्या खोलीचा −७३ आणि पॅसेजचा −६४. पॅसेज एकटाच −६७ च्या वर आहे. टीव्ही वायरने जोडून राऊटर मागे ठेवता आला नसता का, असा प्रश्न काकाजींनी काढला आणि तो रास्त होता. टीव्हीचं काम भागलं असतं, आजोबांच्या मोबाईलचं नसतं.

पॅसेजमध्ये कुठे? दोन फुटांचा फरक

पॅसेज म्हटलं तरी भिंत दहा फुटांची आहे. पहिल्यांदा हॉटस्पॉटचा फोन स्विचबोर्डच्या वर टेकवला होता, कारण प्लग तिथे होता. तेव्हा मागच्या खोलीत हिशेबाने −७१ निघत होता आणि बेडरूममध्येही अपेक्षेपेक्षा कमी. भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहिलं तर बेडरूममधली लोखंडी आलमारी बरोबर त्याच जागी भिंतीला पाठ लावून उभी, सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दाराला आरसा. राऊटर तिथे लावला असता तर आलमारीच्या मागे मोठी सावली पडली असती आणि मागची खोली त्या सावलीत येत होती. फोन दोन फूट पुढे, दाराच्या चौकटीच्या दुसऱ्या बाजूला सरकवला तेव्हा −६४ मिळाला. वरच्या तक्त्यातला पॅसेजचा रकाना याच जागेचा आहे.

म्हणून जागा पक्की करण्याआधी तिच्या डाव्या-उजव्या हाताला दोन-दोन फुटांवर मोजाच, आणि प्रत्येक भिंतीच्या पलीकडे काय आहे ते स्वतः जाऊन पाहा. आलमारी, फ्रिज, गॅस सिलिंडरचा कोपरा, भिंतीतली मोठी पाण्याची पाइपलाइन, फिशटँक. फ्रिजच्या डोक्यावर राऊटर ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. जागा उंच असते खरी, पण खाली सगळा पत्रा. ठेवायचाच असेल तर आधी मोजून पाहा, आकडाच सांगेल.

उंचीचं म्हणाल तर सहा-सात फूट बरी, माणसांच्या आणि फर्निचरच्या डोक्यावरून सिग्नल जातो. पण माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि वरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच चालवायचं लिहिलेलं असतं. स्लॅबला चिकटून, बंद माळ्यावर ठेवलेला राऊटर दुपारी गरम होऊन आपोआप बंद-चालू होतो. सिग्नलचा आकडा उत्तम आणि कनेक्शन मात्र तुटतंय, तेही दुपारीच, असं दिसलं तर राऊटरला हात लावून पाहा. चटका बसण्याइतका तापला असेल तर कारण मिळालं.

तार कशी न्यायची

फायबरचा डबा, म्हणजे आताचा राऊटर, हॉलमध्येच राहू द्या. त्याच्या लॅन पोर्टमधून कॅट ६ ची केबल काढून पॅसेजपर्यंत न्या आणि तिथे वेगळा राऊटर लावा. तांब्याची अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, घरात पंधरा-वीस मीटरच्या पुढे लागतच नाही. चौकटीच्या वरून पांढऱ्या केसिंगमध्ये नेली की दिसतही नाही. इलेक्ट्रिशियन तासाभरात करून देतो. फक्त लाइटच्या वायरिंगच्या पाइपातून ती ओढू देऊ नका. फायबरची तारच लांब करून घ्यायची असेल तर ते काम कंपनीच्या माणसाचं. ती तार काचेची असते, कोपऱ्यात घट्ट दुमडली की आत प्रकाश गळतो आणि स्पीड पडतो.

नव्या राऊटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे घरात एकच नेटवर्क राहतं. आणि हॉलमधल्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर फोन हॉलमध्ये त्याला धरतो आणि मागच्या खोलीत गेलं तरी सोडत नाही; मग नवा राऊटर लावूनही तिथे −७५ दिसतो आणि सगळी मेहनत फुकट गेल्यासारखी वाटते. असं दिसलं तर अ‍ॅपमध्ये BSSID पाहा: तो जुन्या डब्याचा असेल तर कारण हेच आहे.

दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या पॉइंटवर हवेत. फक्त पॅसेजमधला इन्व्हर्टरवर असला तर लाइट गेल्यावर वायफायचं नाव दिसत राहतं पण नेट नसतं. या घरात पॅसेजच्या ट्यूबलाइटचा पॉइंट इन्व्हर्टरवर होता, तिथूनच घेतलं. हॉलमध्ये मात्र नवीन पॉइंट काढावा लागला.

लावल्यानंतर

राऊटर भिंतीला कायमचा ठोकण्याआधी डबल टेपने किंवा स्टुलावर ठेवून त्याच फोनने, त्याच टेबलांवर, कूलर खिडकीत असताना पुन्हा स्क्रीनशॉट घ्या. इथे हॉल −५७, किचन −५५, बेडरूम −५७, मागची खोली −६३ आणि वरची खोली −७१ आली. हॉटस्पॉटच्या अंदाजापासून कुठेही दोनपेक्षा जास्त फरक नव्हता. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत सात-आठचा फरक पडला, तर पहिल्यांदा बँड तपासा. बहुधा फोन एका मोजणीत २.४ वर गेलेला असतो. ते ठीक असेल तर अँटेना बघा. एकच मजला असेल तर सगळ्या उभ्या ठेवा. अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी निघतो, म्हणून टोक खोलीकडे रोखून ठेवायचं नाही. वरच्या खोलीसाठी एक अँटेना आडवी केली तर तीन-चार डीबीएम सुधारतात का ते मोजून पाहा. इथे वरची खोली −७१ वरून −६९ झाली आणि बाकीच्या खोल्या जिथल्या तिथे राहिल्या, म्हणून तशीच ठेवली.

वरच्या खोलीत उद्या भावाचं ऑफिसचं काम सुरू झालं तर −६९ पुरणार नाही, आणि तेव्हा पॅसेजमधला राऊटर इंच-इंच हलवण्यात अर्थ नाही. मध्ये लोखंडी सळयांचा स्लॅब आहे. तिथे जिन्यावरून केबल नेऊन वर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा. केबल नेणं जमतच नसेल आणि वायफाय रिपीटर घ्यायचा असेल, तर तो त्या खोलीत ठेवू नका. मुख्य राऊटरचा −६० च्या आसपास जिथे मिळतो, अशा जिन्याच्या वळणावर ठेवा, कारण रिपीटरला स्वतःला चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढे देऊ शकतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांत, जिथे भिंतीच दीड-दोन फुटांच्या आहेत, तिथे तर तळमजल्यावरच ही वेळ येते. तुमच्या तक्त्यातल्या प्रत्येक जागेचा पडका आकडा −७० च्या खालीच राहत असेल, तर एका राऊटरची चौथी-पाचवी जागा शोधत बसू नका आणि सरळ दुसऱ्या डब्याची केबल ओढा.